अंबडमधील कारखान्यात आलेले क्यूआर कोडचे फिशिंग ईमेल : एक प्रकरण अभ्यास

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. तेथील सुमारे साठ कर्मचाऱ्यांकडे कंपनीचा ईमेल पत्ता असून हे सर्व पत्ते मायक्रोसॉफ्ट ३६५ या सेवेवर चालतात. दिवाळीच्या आधीच्या एका सोमवारी सकाळी १०:४२ ते १०:५८ या वेळात त्यांपैकी ३८ जणांना एक ईमेल आले. विषयाच्या जागी ज्याचे त्याचे नाव आणि त्यापुढे ‘दिवाळी बोनस व सुधारित वेतन पत्रक’ असे शब्द होते. आत टाइप केलेला मजकूर जवळजवळ नव्हताच. होते ते एक चित्र. त्या चित्रात मनुष्यबळ विभागाच्या पत्रासारखी मांडणी, ‘गोपनीयतेसाठी हे पत्रक फक्त मोबाइलवर उघडेल, कोड स्कॅन करून कंपनीच्या खात्याने प्रवेश करावा’ ही सूचना आणि खाली एक क्यूआर कोड होता.

भांडार विभागातील एका कर्मचाऱ्याने हे ईमेल कंपनीच्या संगणक व्यवस्थापकाला दाखवले. मनुष्यबळ विभागाकडे विचारणा केल्यावर असे कोणतेही पत्रक काढलेले नाही, हे दुपारी १२:१५ वाजता निश्चित झाले. त्यानंतर तपासासाठी मला बोलावण्यात आले. कंपनीची ओळख उघड होऊ नये म्हणून या लेखातील ईमेल पत्ते व संकेतस्थळांची नावे बदलली आहेत. घटनाक्रम मात्र जसा उलगडला तसाच दिला आहे.

मूळ ईमेल हातात घेणे

पहिली अडचण अगदी साधी होती. व्यवस्थापकाने मला ते ईमेल नेहमीच्या पद्धतीने पुढे पाठवले होते आणि सोबत पडद्याचा फोटोही जोडला होता. तपासाच्या दृष्टीने या दोन्हींचा फारसा उपयोग नसतो, कारण ईमेल असे पुढे पाठवले की मूळ हेडर, म्हणजे ते कोणकोणत्या सर्व्हरवरून फिरत आले याची नोंद, मागे राहते आणि नवे हेडर तयार होते. म्हणून एका कर्मचाऱ्याच्या खात्यातून ते ईमेल `.eml` फाइल म्हणून उतरवून घेतले, तिचा हॅश, म्हणजे फाइलच्या आशयावरून निघणारा आणि आशय जरा बदलला तरी बदलणारा अक्षरक्रम, लगेच काढून ठेवला आणि पुढचे सगळे काम त्या फाइलच्या प्रतीवर केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून सादर करताना द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश नमूद करावा लागतो. तो पहिल्याच तासात काढलेला असला, तर फाइलमध्ये नंतर काही बदल झाला का, हा प्रश्नच उरत नाही.

```
sha256sum patrak.eml
```

हेडर वाचल्यावर संगणक व्यवस्थापकाला धक्का बसला. पाठवणाऱ्याचे दिसणारे नाव मनुष्यबळ विभागाचे होते, पण त्यामागचा पत्ता दुसऱ्याच एका व्यवसायाचा होता. आणि त्या पत्त्यासाठीच्या तिन्ही पडताळण्या यशस्वी ठरल्या होत्या :

```
Authentication-Results: spf=pass; dkim=pass; dmarc=pass
```

“सर, तिन्ही ठिकाणी पास दिसतंय, मग हे खोटं कसं?” असा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पडताळण्या एवढेच सांगतात की, ज्या डोमेनच्या नावाने ईमेल आले आहे त्या डोमेनने परवानगी दिलेल्या सर्व्हरवरूनच ते निघाले आहे. पाठवणारा प्रामाणिक आहे की नाही, याबद्दल त्या काहीच सांगत नाहीत. येथे एका अनोळखी पण खऱ्या व्यवसायाचे ईमेल खाते आधीच चोरले गेले होते आणि त्या खऱ्या खात्यातून, खऱ्या सर्व्हरमार्गे हे ईमेल पाठवले गेले होते. त्यामुळे तांत्रिक पडताळणीत खोट निघण्याचे कारणच नव्हते. खोट दिसत होती ती दाखवलेले नाव आणि त्यामागचा पत्ता यांच्या विसंगतीत, आणि मोबाइलच्या छोट्या पडद्यावर बहुतेक ॲप नेमका तो पत्ताच लपवतात.

कोड मोबाइलने स्कॅन न करता उलगडणे

कंपनीची ईमेल गाळणी येणाऱ्या प्रत्येक ईमेलमधील दुवे तपासते. पण ती तपासणी मजकुरातील आणि एचटीएमएलमधील दुव्यांची असते. या ईमेलमध्ये एकही दुवा लिहिलेला नव्हता. चित्र ईमेलच्या आतच जोडलेले होते आणि गाळणीच्या दृष्टीने ते पत्राखालच्या एखाद्या बोधचिन्हासारखेच होते. आता काही गाळण्या चित्रातील कोड वाचू लागल्या आहेत; या कंपनीच्या योजनेत ती सोय नव्हती.

अशा वेळी स्वतःचा मोबाइल काढून कोड स्कॅन करण्याचा मोह टाळावा लागतो, कारण एका चुकीच्या स्पर्शाने तपास करणाऱ्याचाच फोन त्या पानावर पोहोचतो. चित्र वेगळे काढून `zbarimg` या साधनाने वाचले की कोडमधील अक्षरे नुसती पडद्यावर उमटतात, काहीही उघडत नाही. मात्र पहिल्या खेपेस या साधनाला कोड सापडलाच नाही. चित्र पाहिल्यावर कारण कळले : कोड गडद निळ्या रंगात होता आणि त्याची पार्श्वभूमी पारदर्शक होती. ईमेलच्या पांढऱ्या पानावर तो स्पष्ट दिसे आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यालाही सहज वाचता येई. पण चित्राची फाइल थेट वाचणाऱ्या साधनाने पारदर्शक भाग काळा धरला की निळ्यावर काळे असे होऊन सगळाच भाग अंधारा होतो. शिवाय क्यूआर कोडभोवती चार चौकटींएवढी मोकळी जागा असावी लागते, तीही येथे जवळजवळ नव्हती. ही रचना मुद्दाम केलेली असो वा नसो, यंत्राने होणारी तपासणी तिने चुकवली, हे खरे. मागे पांढरा रंग भरून आणि कडेला मोकळी जागा वाढवून कोड लगेच वाचता आला :

```
magick qr.png -background white -alpha remove \
  -resize 400% -bordercolor white -border 40 qr2.png
zbarimg --raw -q qr2.png
```

त्यातून पुढील दुवा मिळाला :

```
https://redirect.example/r?u=https%3A%2F%2Fdocs.example%2Fv%2F#YWNjb3VudHNAZXhhbXBsZS5jb20=
```

या एका ओळीत हल्ल्याची बरीच रचना उघडी पडते. सुरुवातीचे संकेतस्थळ मुळात एका परिचित, प्रतिष्ठित सेवेचे होते. त्या सेवेच्या एका पानाला `u=` या जागी कोणताही पत्ता दिला की ते पान वाचकाला मुकाट्याने तिकडे वळवत असे. स्कॅन करताना मोबाइलवर क्षणभर जे नाव दिसते ते या विश्वासू सेवेचेच असते. खरे मुक्कामाचे ठिकाण `%3A%2F%2F` अशा चिन्हांत गुंडाळलेले राहते.

अधिक महत्त्वाचा आहे तो `#` नंतरचा भाग. ही अक्षरे बेस६४ पद्धतीने लिहिलेली असून उलगडल्यावर त्यांतून ईमेल मिळालेल्या व्यक्तीचा पत्ता निघतो :

```
echo 'YWNjb3VudHNAZXhhbXBsZS5jb20=' | base64 -d
accounts@example.com
```

`#` नंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. तो ब्राउझरमध्येच राहतो, पान दुसरीकडे वळवले तरी सोबत जातो आणि शेवटच्या पानावरील जावास्क्रिप्ट तो वाचून प्रवेशाच्या चौकटीत त्या व्यक्तीचा पत्ता आधीच भरून ठेवते. यातून तपासासाठी दोन गोष्टी ठरतात. मधल्या कोणत्याही सर्व्हरच्या नोंदीत कोणाचा कोड स्कॅन झाला हे सापडणार नाही, ही एक. आणि प्रत्येकाचा पत्ता वेगळा, म्हणून प्रत्येकाचा कोड वेगळा, म्हणून प्रत्येक चित्राचा हॅशही वेगळा, ही दुसरी. एका चित्राचा हॅश घेऊन तेच चित्र इतर खात्यांत शोधण्याची नेहमीची रीत येथे फक्त ते एकच ईमेल शोधून देते आणि बाकीची ३७ तशीच राहतात. तपास करणाऱ्याची खोटी खात्री होण्याची सर्वाधिक शक्यता मला या टप्प्यावर वाटते, कारण शोधाचे उत्तर ‘एकच आढळले’ असे अगदी स्वच्छ येते.

पलीकडचे पान

दुवा पाहण्यासाठी कंपनीच्या जाळ्याबाहेरची, एकदा वापरून टाकून द्यायची आभासी संगणक प्रणाली वापरली. `#` नंतरचा खरा पत्ता काढून त्याजागी अस्तित्वात नसलेला पत्ता घातला. खरा पत्ता तसाच ठेवला असता, तर ते खाते चालू असल्याची पावती हल्लेखोराला मिळाली असती. वळणे एकेक करून पाहता यावीत म्हणून आपोआप पुढे न जाता प्रत्येक उत्तराचे हेडरच तपासले :

```
curl -s -o /dev/null -D - -A "$UA" \
  'https://redirect.example/r?u=https%3A%2F%2Fdocs.example%2Fv%2F'
```

येथे `$UA` म्हणजे ब्राउझर स्वतःची जी ओळख सांगतो ती. ती संगणकाच्या ब्राउझरची दिली तेव्हा शेवटच्या ठिकाणी ‘पान सापडले नाही’ एवढेच उत्तर आले. अँड्रॉइड मोबाइलची दिली तेव्हा आधी ‘तुम्ही मनुष्य आहात याची खात्री करा’ ही पायरी आणि तिच्यानंतर मायक्रोसॉफ्टच्या प्रवेशासारखे पान आले. पहिल्या उत्तरावर विसंबून दुवा मृत आहे असा निष्कर्ष काढला असता, तर तपास तेथेच थांबला असता.

त्या पानावर काल्पनिक पत्ता टाकला असता ‘असे खाते अस्तित्वात नाही’ असा संदेश आला. हा संदेश फार बोलका आहे. नुसते नकली चित्र असलेले पान बहुधा काहीही स्वीकारते आणि पुढे पासवर्ड मागते. खाते आहे की नाही हे सांगण्यासाठी त्या पानाला मागच्या बाजूने खऱ्या सेवेशी बोलावे लागते. साधी नकली पानेही कधीकधी एवढी विचारणा करतात, म्हणून केवळ यावर शिक्कामोर्तब करता येत नाही. पण लेखा विभागातील ताईंनी त्याच दुपारी सांगितलेली गोष्ट याच्याशी जुळली. “पासवर्डच्या पानावर आपल्याच कंपनीचं नाव आणि चिन्ह होतं, आणि नंतर फोनवर नेहमीसारखा मंजुरीचा संदेश आला, म्हणून मला वेगळं काही वाटलंच नाही,” असे त्या म्हणाल्या. कंपनीचे चिन्ह खऱ्या प्रवेशपानावर पत्ता भरल्यानंतर दिसते, आणि मंजुरीचा संदेश खऱ्या सेवेनेच पाठवलेला होता. म्हणजे हे पान मधल्या दलालाचे काम करत होते : कर्मचारी जे भरेल ते खऱ्या सेवेकडे पोहोचवायचे, सेवा जे दाखवेल ते कर्मचाऱ्याला दाखवायचे आणि प्रवेश पूर्ण झाल्यावर सेवा जी सत्र-कुकी देते ती स्वतःकडे ठेवून घ्यायची. ती कुकी हाती असली की पासवर्ड आणि दुसरी मंजुरी या दोन्ही पायऱ्या ओलांडल्याच म्हणून धरल्या जातात.

कोणी कोड स्कॅन केला

क्यूआर कोडच्या फिशिंगमधला खरा कठीण भाग येथे सुरू होतो. दुवा ईमेलमध्ये लिहिलेला असता तर तो कंपनीच्या संगणकावर उघडला गेला असता आणि फायरवॉलच्या नोंदीत कोणी, केव्हा, कोठे हे मिळाले असते. कोड मात्र कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनने, बहुतेक वेळा मोबाइल डेटावर स्कॅन होतो. फायरवॉलच्या नोंदीत `docs.example` हे नाव एकदाही आढळले नाही. पण त्यावरून कोणी स्कॅन केला नाही असे म्हणता येत नव्हते, कारण तो मार्ग त्या फायरवॉलवरून जातच नव्हता.

उत्तर मिळते ते खात्यांच्या प्रवेश-नोंदींत. कंपनीची योजना मूलभूत असेल तर या नोंदी ७ दिवसच दिसतात, वरच्या योजनांत ३० दिवस. म्हणून विश्लेषणाच्या आधी त्या उतरवून घेणे हे पहिले काम होते. उतरवलेल्या फाइलमधील वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. ईमेल आल्याची वेळ भारतीय असते, आणि दोन्हींत साडेपाच तासांचे अंतर असते; हे लक्षात न घेता तुलना केली तर ईमेल येण्याच्या आधीच प्रवेश झाल्याचे दिसते आणि ती नोंद असंबद्ध म्हणून बाजूला पडते.

शोधायचे काय, हे दलाल पानाच्या कामाच्या पद्धतीवरून ठरते. कर्मचाऱ्याच्या वतीने खऱ्या सेवेशी ते पानच बोलत असल्याने प्रवेश-नोंदीत कर्मचाऱ्याच्या मोबाइल कंपनीचा आयपी पत्ता दिसत नाही, तर ते पान ज्या सर्व्हरवर बसवले आहे त्याचा दिसतो. म्हणून सकाळी १०:४२ नंतरचे असे यशस्वी प्रवेश वेगळे काढले, ज्यांचा आयपी पत्ता सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपन्यांच्या मालकीचा होता. अशी चार खाती निघाली.

त्यांतले एक खाते कंपनीच्या मालकांचे होते. त्यांच्या फोनवर कायम व्हीपीएन चालू असतो आणि त्याच पत्त्यावरून त्यांचे प्रवेश ईमेल येण्याच्या कितीतरी दिवस आधीपासून होत होते. त्यांच्याकडे ते ईमेल आलेच नव्हते, हेही तपासून घेतले आणि ते खाते यादीतून काढले. उरलेली तीन खाती लेखा विभागातील ताई, खरेदी अधिकारी आणि पुण्याला गेलेले उत्पादन व्यवस्थापक यांची होती. तिघांचे प्रवेश एकाच आयपी पत्त्यावरून, अनुक्रमे ११:०७, ११:२१ आणि ११:३३ वाजता झाले होते.

कर्मचाऱ्यांना थेट विचारणेही सोबतच चालू होते. विचारताना चौकशीचा सूर नसावा, यावर मी आग्रही असतो, कारण ओरडा बसेल या भीतीने एकाने माहिती दडवली तर एक चोरलेले खाते उघडे राहते. तीन जणांनी आपण कोड स्कॅन केल्याचे स्वतःहून सांगितले : ताई, खरेदी अधिकारी आणि गुणवत्ता विभागातील एक तरुण. तो तरुण मनुष्य असल्याची खात्री करण्याच्या पायरीवरच थांबला होता आणि त्याच्या प्रवेश-नोंदीत खरोखरच काही नव्हते. उत्पादन व्यवस्थापकांना मात्र स्कॅन केल्याचे आठवत नव्हते. फोनवर बोलताना त्यांनी स्वतःच ब्राउझरचा इतिहास उघडून पाहिला, तेव्हा ११:३२ वाजता ते पान उघडल्याची नोंद त्यांना दिसली. सांगण्यावरून दोन चोरलेली खाती कळली, नोंदींवरून तीन. दोन्ही मार्ग वापरल्याशिवाय यादी पुरी होत नाही.

ताईंच्या खात्यात पुढचे पाऊलही पडले होते. ११:०७ च्या प्रवेशाला जो सत्र-क्रमांक होता, तोच सत्र-क्रमांक ११:१९ वाजता दुसऱ्याच देशातील आयपी पत्त्यावरून वापरला गेला. हीच ती चोरलेली कुकी. ११:४९ वाजता त्या खात्यात ईमेल हाताळण्याचा एक नवा नियम तयार झाला :

```
Get-InboxRule -Mailbox accounts@example.com |
  Format-List Name,SubjectContainsWords,MoveToFolder,MarkAsRead
```

त्या नियमाचे नाव फक्त एक पूर्णविराम होते. विषयात ‘पेमेंट’, ‘इन्व्हॉइस’ किंवा ‘बँक’ या अर्थाचा इंग्रजी शब्द असलेले प्रत्येक ईमेल वाचलेले म्हणून खूण करून, सहसा कोणी न उघडणाऱ्या आरएसएसच्या कप्प्यात हलवणे हे त्याचे काम होते. हेतू उघड आहे : ग्राहकांना ताईंच्या खात्यातून ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे’ असे कळवायचे आणि ग्राहकाने उलट विचारणा केली तर ती ताईंच्या नजरेस पडू द्यायची नाही. तसे ईमेल अजून गेलेले नव्हते. याखेरीज खात्यावर प्रवेशाच्या मंजुरीसाठी एक नवा फोनही नोंदवलेला होता.

खाती सोडवण्याचा क्रम

येथे क्रमाला महत्त्व आहे. पासवर्ड बदलला की काम झाले, असा समज सर्रास आढळतो; पण हल्लेखोराकडे पासवर्डखेरीज चालू सत्र, त्याने नोंदवलेला फोन आणि त्याने घातलेला नियम अशा तीन गोष्टी असतात. म्हणून तिन्ही खात्यांचा प्रवेश आधी थांबवला, मग सर्व सत्रे रद्द केली :

```
Revoke-MgUserSignInSession -UserId accounts@example.com
```

सत्रे रद्द केल्यावरही आधी दिलेले अल्प मुदतीचे टोकन सुमारे तासभर चालू राहू शकते, म्हणून त्या काळातील नोंदींवर लक्ष ठेवले. त्यानंतर पासवर्ड बदलला, परका फोन नोंदणीतून काढला, नियमाची प्रत जतन करून मगच नियम काढला, बाहेर ईमेल वळवण्याची सोय कोठे लावलेली नाही ना आणि कोणत्या परक्या ॲपला खात्याची परवानगी दिलेली नाही ना, हे पाहिले. परका फोन तसाच राहिला असता तर ‘पासवर्ड विसरलो’ या सोयीतून हल्लेखोर पुन्हा आत येऊ शकला असता.

उरलेली ईमेल शोधण्याचे कामही याच वेळी चालले. पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून संदेश-नोंदींत शोध घेतला तेव्हा ३१ ईमेल मिळाली. विषयात प्रत्येकाचे नाव असल्याने पूर्ण विषय जुळवून उपयोग नव्हता. पण ‘सुधारित वेतन पत्रक’ हा शेवटचा भाग, बाहेरून आलेले ईमेल आणि सकाळची ती वेळ अशी तीन वैशिष्ट्ये एकत्र लावल्यावर आणखी ७ ईमेल निघाली, तीही चोरलेल्या दुसऱ्याच एका खात्यातून पाठवलेली. पुराव्यासाठी प्रती ठेवून सर्व ३८ ईमेल खात्यांतून काढली.

सायबर घटना हाताळणाऱ्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार फिशिंगची घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. १२:१५ पासून मोजले तर मुदत संध्याकाळी ६:१५ पर्यंत होती. तपास तोवर पूर्ण झालेला नव्हता. पण त्यासाठी थांबायचे नसते, हाती असलेली माहिती आधी पाठवून उरलेली नंतर जोडता येते. त्याप्रमाणे `incident@cert-in.org.in` या पत्त्यावर कळवले आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे गेले असते तर सर्वांत आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा लागला असता, कारण रक्कम पुढच्या खात्यातून निघण्यापूर्वी गोठवता येण्याची शक्यता दर मिनिटाला घटत जाते. ज्या दोन व्यवसायांची खाती चोरली गेली होती त्यांना फोनवरून सावध केले. ईमेलने कळवले असते तर ते कदाचित हल्लेखोरानेच वाचले असते.

कोड असलेली सर्व ईमेल अडवता येतील का

मालकांचा पहिला विचार असा होता की, बाहेरून येणारे क्यूआर कोडचे प्रत्येक ईमेल अडवावे. अंबडमधल्या कारखान्याला हे परवडणारे नाही. जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसवर क्यूआर कोड असावाच लागतो आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या व्यवसायांना इतर व्यवसायांशी होणाऱ्या व्यवहारांसाठी ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे. पुरवठादारांची बहुतेक बिले अशी असतात, आणि कित्येकांवर पैसे देण्यासाठी यूपीआयचा कोडही असतो. कोड दिसला की स्कॅन करायचा, ही सवय आपल्याकडे कामाचाच भाग झाली आहे आणि हल्लेखोर तिच्यावरच विसंबतो.

पण याच वस्तुस्थितीत गाळणीचा निकषही दडलेला आहे. यूपीआयच्या कोडमधील मजकूर `upi://pay` ने सुरू होतो. ई-इन्व्हॉइसच्या कोडमध्ये दुवा नसतोच. त्यात डिजिटल स्वाक्षरी केलेली बिलाची माहिती असते आणि ती `eyJ` या अक्षरांनी सुरू होते. प्रवेशाच्या पानावर नेणारा कोड मात्र सहसा `http` ने सुरू होतो. म्हणून ईमेलमधील चित्रे आणि पीडीएफची पाने घेऊन, मागे पांढरा रंग भरून कोड वाचायचा आणि त्याच्या पहिल्या काही अक्षरांवरून निर्णय घ्यायचा, अशी छोटी पायरी गाळणीच्या पुढे बसवली. `http` ने सुरू होणारा कोड बाहेरून आला असेल तर ते ईमेल विलगीकरणात जाते, आणि `#` नंतर मिळणाऱ्याचाच पत्ता निघाला तर संगणक व्यवस्थापकाला लगेच सूचना जाते.

मागच्या महिन्याभराच्या ईमेलवर ही पायरी चालवून पाहिली, तेव्हा प्रदर्शनांचे प्रवेशपास, कुरिअरच्या पोचपावत्या आणि एका यंत्रविक्रेत्याची माहितीपत्रके विलगीकरणात अडकली. बिले मात्र सुटून गेली. अडकलेली ईमेल रोज सकाळी पाहून सोडण्याचे काम व्यवस्थापकाने स्वीकारले. चित्राऐवजी एचटीएमएलच्या सारणीतील काळ्या-पांढऱ्या चौकटींतून किंवा ठोकळ्यांसारख्या अक्षरांतून रचलेला कोड या पायरीला दिसत नाही, कारण तेथे वाचायला चित्रच नसते. त्यासाठी पूर्ण ईमेल पडद्यावर मांडून त्याचे चित्र घ्यावे लागेल आणि ते काम अद्याप बाकी आहे. लेखा, खरेदी आणि मालक यांच्या खात्यांसाठी मंजुरीच्या संदेशाऐवजी पासकी सुरू केली आहे. पासकी खऱ्या संकेतस्थळाच्या नावाशी बांधलेली असल्याने मधल्या दलाल पानावर ती चालतच नाही. उत्पादन विभागातील पर्यवेक्षक एकच संगणक आळीपाळीने वापरतात. त्यांच्यासाठी वेगळ्या सुरक्षा-किल्ल्या घ्याव्या लागतील आणि त्यांची खरेदी पुढील तिमाहीत ठरली आहे.